sin(1/n) च्या शेजारी कोणती श्रेणी मांडायची?

sin(1) + sin(1/2) + sin(1/3) + sin(1/4) ... ही बेरीज अशीच पुढे न्यायची. कोन रेडियनमध्ये मोजायचे. पहिलं पद ०.८४१, दुसरं ०.४७९, तिसरं ०.३२७. दहाव्या पदाशी आपण ०.०९९८ वर येतो आणि शंभराव्याशी ०.००९९९९८ वर. पदं झपाट्यानं लहान होत जातात, तेव्हा बेरीज कुठल्या तरी आकड्याशी जाऊन थांबेल असं वाटतं. संगणकाला विचारलं तर हजार पदांची बेरीज ७.२९ येते आणि दहा लाख पदांची १४.२०. पदं हजारपट वाढवूनही बेरजेत सातचीसुद्धा भर पडत नाही. ही बेरीज थांबणार, म्हणजे श्रेणी अभिसारी आहे, की अतिशय संथपणे का होईना पण अनंताकडेच जाणार, म्हणजे ती अपसारी आहे? नुसते आकडे बघत बसून याचा निकाल लागत नाही.

बी.एस्सी.च्या वर्गात यासाठी एक कसोटी शिकवतात, लिमिट कम्पॅरिझन टेस्ट, म्हणजे सीमा-तुलना कसोटी. जिचा निकाल आधीच माहीत आहे अशी एखादी श्रेणी आपल्या श्रेणीशेजारी मांडायची आणि दोघींच्या पदांचं गुणोत्तर n वाढत जाताना कुठे जातं ते पाहायचं. गुणोत्तर शून्य नसलेल्या एखाद्या धन संख्येकडे गेलं, तर दोघींचं भवितव्य एकच: दोघी अभिसारी किंवा दोघी अपसारी. याचं कारण सरळ आहे. समजा गुणोत्तर १ कडे चाललं आहे. मग एका टप्प्यानंतर आपलं प्रत्येक पद शेजारच्या पदाच्या निमपटीपेक्षा मोठं आणि दीडपटीपेक्षा लहान राहणार. शेजारची बेरीज अनंताकडे जात असेल तर तिची निमपटही अनंताकडे जाते, आणि ती थांबत असेल तर तिची दीडपटही थांबते. सुरुवातीच्या मोजक्या पदांनी यात काहीच फरक पडत नाही.

कसोटी वापरायला सोपी आहे. विद्यार्थी अडतो तो शेजारी कोणती श्रेणी मांडायची इथे. पुस्तकात उत्तर छापलेलं असतं, 1/n घ्या. ते 1/n आलं कुठून हे मात्र बहुतेक वेळा सांगायचं राहून जातं.

ते वर्तुळातून येतं. त्रिज्या १ असलेल्या वर्तुळात x रेडियनच्या कोनासमोरच्या कंसाची लांबी x च असते आणि sin x ही त्या कंसाच्या टोकापासून आडव्या त्रिज्येवर टाकलेल्या लंबाची लांबी. कोन मोठा असला की कंसाचा बाक आणि लंबाचा सरळपणा यांतला फरक डोळ्यांना दिसतो. कोन लहान होत गेला की कंस जवळजवळ सरळ होतो आणि दोन्ही लांब्या एकमेकींना भिडतात. इ.स. ४९९च्या सुमारास लिहिलेल्या ‘आर्यभटीया’तल्या ज्यांच्या कोष्टकात हे स्पष्ट दिसतं. त्या कोष्टकातल्या कोनांत २२५ कलांचं, म्हणजे पावणेचार अंशांचं अंतर आहे आणि त्रिज्या ३४३८ कला धरली आहे, म्हणजे कंस आणि ज्या दोन्ही एकाच एककात मोजले जातात. पहिला कंस २२५ कलांचा आणि त्याची ज्याही २२५च. दुसरा कंस ४५०, ज्या ४४९. तिसरा ६७५, ज्या ६७१. पहिल्या पायरीवर पूर्णांकात पकडता येईल एवढाही फरक नाही, दुसऱ्या पायरीवर एकाचा, तिसऱ्यावर चाराचा. लहान कोनाची ज्या कंसाएवढीच असते ही गोष्ट त्या पहिल्या आकड्यातच आहे. ज्या कंसाच्या मागे कशा वेगानं पडत जाते, त्याची चुणूकही पुढच्या दोन आकड्यांत आहे.

आता आपल्या श्रेणीकडे येऊ. n मोठा होत जातो तसा 1/n हा कोन शून्याकडे जातो आणि sin(1/n) हे 1/n च्या जवळ सरकतं. दोघांचं गुणोत्तर n = 10 ला ०.९९८३ आणि n = 100 ला ०.९९९९८३ येतं. सीमा १, आणि ती धन आहे. शेजारी मांडलेली 1/n ची श्रेणी म्हणजे हरात्मक श्रेणी अपसारी आहे, हे चौदाव्या शतकात फ्रान्समधल्या निकोल ओरेमनं दाखवलं होतं: 1/3 + 1/4 हे निम्म्यापेक्षा जास्त, पुढच्या चार पदांची बेरीज निम्म्यापेक्षा जास्त, त्यापुढच्या आठांचीही तशीच, आणि अशी निम्मी-निम्मी भर कधीच संपत नाही. म्हणून sin(1/n) ची श्रेणीसुद्धा अपसारी.

चुकीची शेजारीण निवडली तर काय होतं तेही बघायला हवं, कारण निवड म्हणजे काय हे तिथेच नीट समजतं. 1/n² घेतलं तर गुणोत्तर अनंताकडे जातं. 1/n² ची बेरीज थांबते, आणि आपली पदं तिच्या पदांपेक्षा कितीतरी मोठी आहेत, एवढंच त्यातून कळलं. थांबणाऱ्या बेरजेपेक्षा मोठी असलेली बेरीज थांबेल किंवा थांबणार नाही. वर्गमूळाची 1/√n घेतली तर गुणोत्तर शून्याकडे जातं. ती अपसारी आहे आणि आपण तिच्यापेक्षा लहान आहोत. याही माहितीतून निकाल निघत नाही. तराजूत एकदा फार हलकं वजन टाकलं आणि एकदा फार जड, तर दांडी कलते तेवढीच, वस्तूचं वजन कळत नाही. sin(1/n) < 1/n ही असमानता लिहून ‘म्हणून अपसारी’ म्हणणंही याच कारणानं चूक आहे. उत्तर बरोबर येतं, पण अपसारी श्रेणीपेक्षा लहान असण्यातून काहीच सिद्ध होत नाही. उलट बाजूची असमानता हवी असेल तर शून्य ते काटकोनापर्यंत sin x हा 2x/π पेक्षा कधीच लहान नसतो, ही वापरावी लागते. सीमा-तुलनेत अशी असमानता शोधत बसावं लागत नाही, आणि माझ्या मते तिचा खरा फायदा हाच आहे.

तेव्हा निवडीची रीत अशी: कोन शून्याकडे जाताना आपल्या पदात सर्वांत ठळक काय उरतं ते शोधायचं आणि तेच शेजारी मांडायचं. sin(1/n) भागिले n असेल तर उरतं 1/n², म्हणून श्रेणी अभिसारी. sin²(1/n) चंही तसंच. sin(1/√n) मध्ये उरतं 1/√n, म्हणून अपसारी. इथवर साइनच्या जागी आतला कोन लिहिला की काम भागतं.

खरी परीक्षा 1/n - sin(1/n) या पदात आहे. इथे साइनच्या जागी 1/n लिहिलं तर हाती शून्य येतं, आणि शून्याशी तुलना करता येत नाही. ठळक भाग वजा होऊन गेला, म्हणून त्याच्या मागे काय दडलं आहे ते हवं. केरळच्या माधवानं चौदाव्या-पंधराव्या शतकांच्या सुमारास शोधलेल्या साइनच्या श्रेणीत त्याचं उत्तर आहे: sin x म्हणजे x - x³/6 + x⁵/120 ... म्हणजे ज्या कंसाच्या मागे पडते ती घनाच्या हिशेबानं. कोन दुप्पट तर मागे पडणं जवळजवळ आठपट, तिप्पट तर सत्तावीसपट. आर्यभटाच्या कोष्टकात एकाचा फरक लगेच चाराचा का झाला, त्याचं कारण हेच. x च्या जागी 1/n ठेवलं की 1/n - sin(1/n) मध्ये सर्वांत ठळक उरतं 1/(6n³). म्हणून शेजारी 1/n³ मांडायचं. n = 10 ला पद ०.०००१६६५८३ आहे, त्याला हजारानं गुणलं की ०.१६६५८३. सीमा 1/6 म्हणजे ०.१६६६६..., धन आणि शून्य नसलेली. 1/n³ अभिसारी, म्हणून हीसुद्धा अभिसारी.

या निकालातून सुरुवातीच्या बेरजेबद्दल एक सुंदर गोष्ट हाती लागते. हरात्मक बेरीज आणि साइनची बेरीज यांतला फरक म्हणजे नेमकी हीच श्रेणी, आणि तिची बेरीज सुमारे ०.१९१९ वर थांबते. हजार पदांशी हरात्मक बेरीज ७.४८५५ आणि साइनची ७.२९३६. दहा लाखांशी १४.३९२७ आणि १४.२००८. दोन्ही बेरजा अनंताकडे जातात, पण अंतर ०.१९च्या आसपासच राहतं. साइनची बेरीज अपसारी का, हे या आकड्यांत जितकं स्वच्छ दिसतं तितकं गुणोत्तराच्या सीमेत दिसत नाही.

कधी कधी मात्र n चा कोणताही घात शेजारी चालत नाही. sin(1/n) भागिले ln n घ्या. 1/n शी तुलना केली तर गुणोत्तर शून्याकडे जातं आणि शेजारीण अपसारी, म्हणजे निकाल नाही. घात किंचित वाढवून n च्या 1.01 घाताशी तुलना केली तर गणकयंत्र फसवतं. n दहा लाख असताना गुणोत्तर ०.०८च्या आसपास असतं आणि अजून घटतच असतं, त्यामुळे ते शून्याकडेच जाणार असं वाटतं. तसं खरंच असतं तर श्रेणी अभिसारी ठरली असती. पण n हा ४४ अंकी संख्येपर्यंत पोचला की ते घटणं थांबतं, आणि तिथून गुणोत्तर वाढत वाढत अनंताकडे जातं. बरोबर शेजारीण आहे 1/(n ln n), म्हणजे साइनच्या जागी 1/n लिहिल्यावर जे उरतं तेच. ती अपसारी असल्याचं समाकलन कसोटीनं कळतं, म्हणून आपली श्रेणीही अपसारी. सीमा सूत्रावरून काढावी, आकड्यांवरून अंदाजानं ठरवू नये, ते यासाठी.

गणकयंत्र अंशांवर राहिलं तर मात्र या कसोटीचं काही बिघडत नाही. sin(1/n) आणि 1/n यांचं गुणोत्तर मग १ ऐवजी ०.०१७४५ कडे जातं, पण तेही धन आहे, म्हणून निकाल तोच.

चिन्हं बदलणाऱ्या श्रेणीत मात्र ही कसोटी थेट मोडते. (-1)ⁿ/√n ही श्रेणी अभिसारी आहे. तिच्या प्रत्येक पदात 1/n मिळवा. नव्या आणि जुन्या पदाचं गुणोत्तर 1 + (-1)ⁿ/√n, म्हणजे सीमा नेमकी १. तरीही नवी श्रेणी अपसारी आहे, कारण तिच्यात अख्खी हरात्मक श्रेणी मिसळलेली आहे. निमपट-दीडपटीचा युक्तिवाद पदं धन असतील तेव्हाच चालतो. sin(1/n) मध्ये कोन शून्य आणि एक रेडियनच्या मधला असल्यामुळे पदं नेहमी धन असतात. sin(n)/n मध्ये कोनच वाढत जातो, साइन धन-ऋण होत राहते, आणि तिथे 1/n शेजारी मांडण्यात अर्थ नाही. त्या श्रेणीसाठी डिरिक्लेची कसोटी लागते.