एन.ई.एफ.टी.चे चलच्चित्र : रूपक व अक्षरे

एन.ई.एफ.टी.चे व्यवहार दर अर्ध्या तासाने गठ्ठ्यांनी निघतात. मोशन ग्राफिक्समध्ये त्यासाठी टपालाच्या थैलीचे रूपक सोयीचे. मात्र थैलीत नाणी दाखविणे चूक होय, कारण आत केवळ आदेश असतात. 'अ' बँकेकडून 'ब'ला ७० हजार व 'ब'कडून 'अ'ला ५० हजार येणे असल्यास ५०-५० हजारांच्या राशी परस्परांत विराव्यात व उरलेले २० हजारच रिझर्व्ह बँकेतील खात्यांत सरकावेत. 'निव्वळ देणे २० हजार' ही अक्षरे राशी विरत असताना उमटल्यास दृष्टी हालचालीकडेच राहते व वाचन हुकते. ती हालचाल थांबल्यावर अर्ध्या सेकंदाने यावीत, सावकाश दोनदा वाचता येईतो टिकावीत. त्यापाठोपाठ ग्राहकांच्या खात्यांत पूर्ण रकमा जमा होताना दाखवाव्यात. अन्यथा आपलेच पैसे कापले गेले, असा प्रेक्षकाचा समज होतो.