तळ सरकतो तेव्हा

नोव्हेंबर 2018च्या पहिल्या पंधरवड्यात बिटकॉइनचा चार्ट पाहणं कंटाळवाणं झालं होतं. सप्टेंबरच्या सुरुवातीला एकदा आपटल्यावर भाव सव्वासहा ते पावणेसात हजार डॉलरच्या पट्ट्यात अडकला होता आणि दोन महिने तिथेच फिरत होता. खाली गेला की घेणारे उभे, वर गेला की विकणारे उभे. अशा बाजाराला ट्रेडर ‘रेंज’ म्हणतात. या रेंजमध्ये एक साधं साधन फार लोकप्रिय असतं, ते म्हणजे स्टोकॅस्टिक ऑसिलेटर. चार्टच्या खाली दोन वळवळत्या रेषा दिसतात, शून्य ते शंभरच्या मध्ये खालीवर करतात, आणि त्या एकमेकींना छेदल्या की ‘घ्या’ किंवा ‘विका’ असा इशारा मिळाला असं मानतात.

हे साधन क्रिप्टोच्या खूप आधीचं आहे. 1950च्या दशकात शिकागोच्या जॉर्ज लेन यांनी ते प्रसिद्ध केलं. नाव मात्र फसवं आहे. गणितात ‘स्टोकॅस्टिक’ म्हणजे यादृच्छिक, आणि या सूत्रात यादृच्छिक काहीच नाही. गेल्या चौदा दिवसांतला सर्वांत वरचा भाव आणि सर्वांत खालचा भाव घ्यायचा आणि आजचा बंद भाव त्या दोहोंच्या मध्ये कुठे पडतो ते टक्क्यांत सांगायचं, एवढंच.

```
%K = (आजचा बंद − 14 दिवसांचा नीचांक) ÷ (14 दिवसांचा उच्चांक − 14 दिवसांचा नीचांक) × 100
%D = शेवटच्या तीन %K ची सरासरी
```

%K ही चपळ रेषा, %D ही तिच्या मागे रखडत येणारी. दोन्ही 20च्या खाली असताना %K ने %D ला खालून वर छेदलं की खरेदीचा इशारा. 80च्या वर असताना वरून खाली छेदलं की विक्रीचा. 20च्या खालच्या भागाला ‘ओव्हरसोल्ड’ म्हणतात, म्हणजे अतिविक्री झालेली. या शब्दानेच निम्मा घोटाळा केला आहे, पण त्याकडे नंतर येतो.

आधी साधन कुठे चाललं ते पाहू. 11 ऑक्टोबर 2018 रोजी बिटकॉइन एका दिवसात साधारण 6,600 वरून 6,250 च्या आसपास घसरलं. चौदा दिवसांचा उच्चांक तेव्हा 6,800 च्या जवळ होता आणि नीचांक साधारण 6,240. बंद भाव तळाला चिकटलेला असल्यामुळे %K जवळजवळ शून्यावर आला. पुढच्या दोन दिवसांत भाव जेमतेम तीसेक डॉलर वर सरकला, %K आठवर गेला, सरासरी मागे पाचवर राहिली, आणि छेद झाला. 6,285 च्या आसपास घेणाऱ्याला 15 ऑक्टोबरच्या संध्याकाळी 6,600 चा भाव दिसत होता. (त्या दिवशी टेदर हे डॉलरला बांधलेलं नाणं डॉलरच्या खाली घसरलं आणि त्यातून पळालेला पैसा बिटकॉइनमध्ये आला, हेही खरं. पण नफा नफाच.)

हे का जमलं? कारण तळ हलला नाही. सव्वासहा हजारांच्या आसपास खरेदीच्या ऑर्डरी लावून बसलेले लोक होते. त्यामुळे ‘आपण गेल्या चौदा दिवसांच्या तळाशी आहोत’ हे %K चं वाक्य आणि ‘इथे घेणारे आहेत’ हे बाजाराचं वाक्य, दोन्ही एकाच जागेबद्दल बोलत होती. %K ला घेणाऱ्यांबद्दल काहीही माहीत नसतं. त्याला फक्त वर्गातला नंबर कळतो, गुण कळत नाहीत. रेंजमध्ये नंबर आणि गुण योगायोगाने जुळतात, एवढंच.

आता 14 नोव्हेंबर. दुसऱ्या दिवशी बिटकॉइन कॅशची फूट होणार होती, दोन गट एकमेकांवर उठले होते, आणि भाव सव्वासहा हजारांखाली घसरला. पट्ट्याच्या खालीच शेकडो लोकांचे स्टॉप-लॉस लावलेले असतात. ते लागले की आपोआप विक्री होते. त्यात त्या काळी शंभर पटींपर्यंत उसनवारी देणारे प्लॅटफॉर्म होते. उसन्या पैशाने घेतलेल्यांची मार्जिन संपली की प्लॅटफॉर्म स्वतःच त्यांचा माल विकून टाकतो. एकाची सक्तीची विक्री भाव आणखी खाली नेते आणि पुढच्याची सक्तीची विक्री ओढवते. हे विकणारे ‘स्वस्त झालंय’ असा विचार करत नाहीत, कारण विचार करायची संधीच त्यांच्याकडे उरलेली नसते.

दोन दिवसांत भाव 5,350 पर्यंत टेकून साडेपाच हजारांच्या वर थांबला. आता इंडिकेटर काय सांगत होता ते ओळीने पाहू. आकडे गोल आहेत आणि एक्स्चेंजनुसार थोडे इकडेतिकडे होतील. चौदा दिवसांचा उच्चांक 6,550, नीचांक 5,350, म्हणजे अंतर 1,200. 17 नोव्हेंबरला बंद 5,555. तळापासून 205 वर, म्हणून %K सुमारे 17. त्या दिवशीची सरासरी 20, म्हणजे %K अजून खाली. 18 नोव्हेंबरला बंद 5,620. तळापासून 270 वर, %K 22 च्या पुढे. सरासरी 19. छेद झाला. पुस्तकात दाखवतात तसाच, ओव्हरसोल्डमधून नुकताच डोकं वर काढणारा.

19 नोव्हेंबरला बंद भाव साधारण 4,870.

वीस तारखेला बाजार 4,270 पर्यंत जाऊन 4,450 वर बंद झाला. तळ आता 4,270. तळापासून 180 वर, अंतर 2,280, %K आठ. एकवीसला 4,600, %K पंधरा, सरासरी आठ. पुन्हा छेद, पुन्हा खरेदी. चोवीसला भाव 3,900 च्या खाली, पंचवीसला मध्येच 3,600 च्याही खाली.

इथे सूत्राकडे परत एकदा बघा. 18 तारखेचा 22 आणि 21 तारखेचा 15 हे आकडे जवळजवळ सारखे दिसतात, पण दोन्हींच्या मध्ये बिटकॉइन हजार डॉलर खाली आलं. कारण सूत्रात तळ ही स्थिर गोष्ट नाही. भावाने नवा नीचांक केला की सूत्र तोच तळ मानतं आणि त्याच्यापासून मोजायला लागतं. लिफ्ट खाली जात असताना लिफ्टच्या जमिनीपासून आपली उंची मोजण्यासारखं आहे हे. मोजमाप अचूक असतं, पण आपण कितव्या मजल्यावर आहोत हे त्यातून कळत नाही.

आणि छेद कशाने होतो? %K ने आपल्याच तीन दिवसांच्या सरासरीच्या वर जाण्याने. जोरदार घसरणीत दोन दिवस %K शून्याच्या आसपास दबून राहिला की सरासरीही तिथेच येते. मग भावाने जरा श्वास घेतला, दीड-दोन टक्के वर आला, तरी छेद होतो. म्हणजे छेद सांगतो, ‘घसरणीचा वेग मंदावला.’ आपण ऐकतो, ‘घसरण थांबली.’ घाटात उतरणाऱ्या गाडीने ब्रेक दाबला म्हणून ती वर चढायला लागत नाही. ‘ओव्हरसोल्ड’ या शब्दाचा घोटाळा तो हाच. त्यात ‘अति’ आहे, म्हणून आता उलटणार असा भास होतो, आणि सूत्रात ‘अति’ कुठेच नाही.

वरच्या दिशेनेही हेच घडतं. 2020च्या सप्टेंबरात बिटकॉइन दहा ते अकरा हजार डॉलरच्या पट्ट्यात होतं, ऑक्टोबरात वर फुटलं आणि वर्षअखेरीस एकोणतीस हजारांच्या घरात पोचलं. त्या चढणीत 80 च्या वरचे विक्रीचे छेद वरचेवर येत राहिले. ज्यांच्याकडे नाणी होती त्यांनी लवकर विकून हळहळ केली. ज्यांनी फ्युचर्समध्ये आधी विकून ठेवलं, त्यांचे हात पोळले.

मग रेंज संपली हे ओळखायचं कसं? मला सगळ्यांत उपयोगी वाटते ती खूण इंडिकेटरच्याच पोटात आहे. रेंजमध्ये 20 खालून निघालेला %K सहसा 50 ओलांडून पुढे जातो. घसरणीत तो 22 ला, 15 ला येऊन मान टाकतो. छेदानंतर तीन-चार दिवसांत %K ने 50 पाहिलं नाही, तर तुम्ही रेंजमध्ये आहात हे गृहीतक सोडून द्यावं. दुसरी खूण भावाची: पट्ट्याच्या बाहेर दिवसाचा बंद झाला की जुन्या पट्ट्यावर बेतलेले सगळे छेद रद्द समजावेत. काही जण वेल्स वाइल्डर यांचा 1978 सालचा एडीएक्स लावतात आणि तो 25 च्या वर गेला की छेदांकडे पाहत नाहीत. ठीक आहे, पण एडीएक्सही सरासरीवरच चालतो, त्यामुळे उशिरा जागा होतो. आणि पहिला फटका, म्हणजे 14 नोव्हेंबरच्या आदल्या दिवशी रेंजच्या तळाशी घेतलेला माल, यातल्या कुठल्याच खुणेने वाचत नाही. त्याला पट्ट्याखालचा स्टॉप-लॉस एवढाच आधार, आणि तोही वेगाने पडणाऱ्या बाजारात ठरवलेल्या भावाला लागेलच असं नाही.

स्वतः लेन यांनी नुसत्या छेदावर भिस्त ठेवली नव्हती. त्यांचा भर होता विसंगतीवर: भाव नवा नीचांक करतो पण %K करत नाही, अशा जागांवर. मोबाइलवरच्या चार्टात दोन रंगीत रेषा छेदताना चटकन दिसतात आणि विसंगती डोळे ताणून शोधावी लागते. लोकांनी काय उचललं असेल ते सांगायला नको.

भारतातल्या ट्रेडरसाठी या कथेला आणखी एक पदर आहे. रेंजमधली कमाई छोट्या-छोट्या नफ्यांची असते आणि ट्रेंडमधला तोटा एकगठ्ठा. 1 एप्रिल 2022 पासून क्रिप्टोच्या नफ्यावर 30 टक्के कर आहे, वर 4 टक्के उपकर, आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्या नाण्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. समजा, इथरमध्ये सहा छेदांवर पाच-पाच हजार मिळाले, म्हणजे तीस हजार, आणि बिटकॉइनमध्ये एका फसलेल्या छेदाने पंचवीस हजार गेले. हातात पाच हजार उरले असं वाटतं. कर मात्र तीस हजारांवर लागतो: 9,360 रुपये. म्हणजे सातपैकी सहा सौदे बरोबर येऊनही खिशातून 4,360 रुपये गेले. शिवाय 1 जुलै 2022 पासून विक्रीवर सर्वसाधारणपणे 1 टक्का टीडीएस कापला जातो. तो रिटर्नमध्ये वळता होतो, पण तोवर पैसा अडकतो, आणि दर सौद्याला दोन-तीन टक्के कमावणाऱ्याला हे जड जातं.

18 नोव्हेंबर 2018 च्या छेदावर घेतलेल्या माणसाचं पुढे काय झालं? डिसेंबरच्या मध्याला भाव 3,200 च्या आसपास आला. त्याने काही न करता धरून ठेवलं असतं, तर खरेदीचा भाव पुन्हा ठामपणे ओलांडला जायला मे 2019 उजाडला.