ही जागा रिकामी कशी झाली?

नोकरीसाठी पहिला फोन येतो तेव्हा बोलणे बहुतेक ठरलेल्या वळणाने जाते. सध्याचा पगार, अपेक्षित पगार, नोटीस पिरियड आणि ऑफिसचे ठिकाण. त्यानंतर पलीकडून विचारले जाते, ‘‘तुम्हाला काही विचारायचंय?’’ इथे बरेच उमेदवार ‘‘नाही मॅडम, सगळं क्लिअर आहे’’ म्हणून मोकळे होतात. खरे तर एक साधा प्रश्न विचारण्याची हीच वेळ असते. ‘‘मॅडम, ही पोझिशन नवीन आहे की कुणाच्या जागी भरती चाललीय?’’

या प्रश्नात गैर काही नाही. कोणत्याही बऱ्या कंपनीत भरती सुरू होण्याआधी त्या जागेला मंजुरी घ्यावी लागते आणि मंजुरीच्या अर्जातच जागा नवी की रिप्लेसमेंट हे नोंदवलेले असते. म्हणजे एचआरला ही माहिती शोधावी लागत नाही. फोन कन्सल्टन्सीचा असेल तर मात्र त्यांच्याकडे बरेचदा फक्त कामाचे वर्णन आणि पगाराची मर्यादा पोहोचलेली असते. ‘‘क्लायंटला विचारून सांगतो’’ हे त्यांचे उत्तर बहुधा प्रामाणिक असते.

कन्सल्टन्सीला आणखी एक गोष्ट विचारता येते. ‘‘आधीची व्यक्ती तुमच्याकडूनच गेली होती का?’’ यामागे व्यवहार आहे. आपल्याकडे कन्सल्टन्सीची फी साधारणपणे उमेदवाराच्या वार्षिक पगाराच्या 8.33 टक्के, म्हणजे एका महिन्याच्या पगाराइतकी असते आणि करारात बहुधा 60 किंवा 90 दिवसांची हमी असते. तेवढ्या दिवसांत माणूस सोडून गेला, तर दुसरा माणूस फुकट द्यायचा. तेव्हा ‘‘हो, आम्हीच दिला होता, आता त्याच्या जागी परत द्यायचाय’’ असे उत्तर आले, तर आधीचा माणूस तीन महिनेही टिकला नसण्याची बरीच शक्यता आहे. तो का टिकला नाही, हे कन्सल्टंटला अनेकदा ठाऊक असते, कारण तसा फोन कंपनीकडून आणि त्या माणसाकडून, दोन्हीकडून त्याला आलेला असतो.

नव्या जागेबद्दल लोक उगाच निश्चिंत होतात. तिथे आधीचा कुणी नसतो, म्हणून कामाची चौकटही नसते. जागा या वर्षाच्या बजेटमध्ये मंजूर झालीय की मंजुरी ‘येणार आहे’, हे स्पष्ट विचारावे. ‘येणार आहे’ या अवस्थेत मुलाखती होतात, निवड होते आणि मग ऑफर लेटर महिनोन्‌महिने अडकते. शिवाय हे काम आजवर कोण करत होते, हेही कळायला हवे. तो माणूस ऑफिसमध्येच असेल आणि आपले काम काढून दुसऱ्याला दिले जातेय हे त्याला आवडलेले नसेल, तर त्याची झळ नव्या माणसाला पहिल्या दिवसापासून बसते.

रिप्लेसमेंट असेल तर पुढचा प्रश्न ओघाने येतो. आधीची व्यक्ती कुठे गेली? बढती किंवा अंतर्गत बदली झाली असेल तर उत्तम. तो माणूस त्याच इमारतीत आहे, त्याच्याशी दहा मिनिटे बोलता येईल का, असे विचारायला हरकत नसते. प्रसूती रजा असेल तर प्रकरण वेगळे. 2017च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन अपत्यांसाठी ही रजा 26 आठवड्यांची आहे. रजेवरची बाई परतणार आहे आणि या रजेच्या काळात तिला कामावरून काढणे कायद्याने निषिद्ध आहे. तेव्हा सहा महिन्यांनंतर आपले काय, हे नेमणूकपत्रात लिहून घेतले पाहिजे. तोंडी ‘‘बघू, ॲडजस्ट करू’’ पुरेसे नाही.

सगळ्यात जास्त मिळणारे उत्तर आहे ‘पर्सनल रीझन’. त्यावर अडून बसण्यात अर्थ नाही. गेलेल्या माणसाची खासगी कारणे एचआरने परक्याला सांगू नयेत, हेच योग्य आहे. माणसाबद्दल विचारण्याऐवजी मग जागेबद्दल विचारावे.

एक प्रसंग कल्पून पाहू. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना आहे आणि खरेदी विभागात असिस्टंट मॅनेजरची जागा निघालीय. उमेदवार भोसरीत नोकरी करतेय, तिचा नोटीस पिरियड 60 दिवसांचा. एचआर सांगते, ‘‘रिप्लेसमेंट आहे, आधीच्या सरांनी पर्सनल रीझनमुळे सोडलं.’’ पुढच्या फेरीत खरेदीप्रमुख म्हणतात, ‘‘त्याला जास्त पॅकेज मिळालं.’’ दोन उत्तरे जुळत नाहीत, पण एवढ्यावरून कुणी खोटे बोलतेय असे ठरत नाही. दोन्ही कारणे खरी असू शकतात.

ती मग विचारते, ‘‘सर, गेल्या तीन वर्षांत या जागेवर किती जण होते?’’ उत्तर येते, तिघे. शेवटचा सात महिने, त्याआधीचा पाच महिने. आता चित्र बदलते. एक माणूस जाणे ही नेहमीची गोष्ट आहे. एकाच खुर्चीवरून दोघे लागोपाठ वर्षाच्या आत जातात, तेव्हा कारण त्या जागेत असण्याचा संभव वाढतो. (कॉल सेंटर किंवा फील्ड सेल्समध्ये ही कसोटी एवढी कडक लावता येत नाही, तिथे माणसे एरवीही लवकर बदलतात.) ती पुढे विचारते, ‘‘या कामात सगळ्यात जास्त वेळ कशात जातो?’’ त्यावर प्रमुख सांगतात की पुरवठादारांची बिले अकाउंट्समध्ये अडकतात आणि पैशांसाठी त्यांचे फोन खरेदीवाल्याला येतात. माल वेळेत आणायची जबाबदारी एकाची, पैसे सोडायचा अधिकार दुसऱ्याचा. आधीचे दोघे का गेले असतील, याचा अंदाज आता बांधता येतो.

तारखांचा हिशेबही तिने मांडावा. आधीच्या माणसाने 1 एप्रिलला राजीनामा दिला, 31 मेला तो गेला. तिला ऑफर 20 मेला मिळाली आणि तिने त्याच दिवशी राजीनामा दिला, तरी ती रुजू होणार जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात. मध्ये सुमारे 50 दिवस खुर्ची रिकामी. त्या काळात काम कोण बघणार? ‘‘टीम बघतेय’’ असे मोघम उत्तर आले, तर 50 दिवसांची अडलेली बिले आणि चिडलेले पुरवठादार तिची वाट बघत असतील, असे धरून चालावे. आणि कंपनी ‘इमीजिएट जॉइनर’च हवा म्हणून अडून बसली असेल, तर आधीचा माणूस बहुधा हँडओव्हर न देताच गेलाय.

एवढे कळल्यावर नोकरी नाकारलीच पाहिजे असे नाही. कंपनीला घाई आहे, हे तिला आता माहीत आहे. ठरलेल्या रकमेपर्यंतची बिले मंजूर करण्याचा अधिकार या पदाला मिळेल का, हे ती ऑफर स्वीकारण्याआधी मागू शकते आणि ते ईमेलवर लेखी घेऊ शकते. मिळाले तर आधीच्या दोघांकडे नसलेली गोष्ट तिच्याकडे असेल. नाही म्हणाले, तर पगारात वाढ मिळूनही कामातली अडचण तशीच राहणार, हे तिला आधी कळले.

वरच्या पदांवर तर काही वेळा विचारावेही लागत नाही. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीतला मुख्य वित्त अधिकारी किंवा कंपनी सेक्रेटरी राजीनामा देतो, तेव्हा सेबीच्या 2023च्या दुरुस्तीनुसार त्याचे राजीनामापत्र कारणांसह, राजीनामा अमलात आल्यापासून सात दिवसांत शेअर बाजाराला कळवावे लागते. ते बीएसई आणि एनएसईच्या संकेतस्थळांवर कंपनीच्या घोषणांमध्ये कुणालाही वाचता येते. तिथेही ‘वैयक्तिक कारण’ पुष्कळदा दिसते, पण तारखा दिसतात. तीन वर्षांच्या घोषणा खाली खाली वाचत गेले की एका पदावर किती जण आले आणि किती दिवसांत गेले, हे मुलाखतीआधीच हाती येते.