चलानावर २४० पेट्या, गोदामात २२८: कमी आलेल्या मालाविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

उदाहरण म्हणून सांगलीतलं एक टाइल्सचं दुकान घेऊ. पुण्याच्या वितरकाकडून दोन फूट बाय दोन फुटांच्या व्हिट्रिफाइड टाइल्स मागवल्या आहेत. एका पेटीत चार नग, पेटीचा दर ५२० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, आणि माल दुकानात पोहोच. गाडीबरोबर आलेल्या चलानावर आणि बिलावर २४० पेट्या लिहिल्या आहेत. गाडी खाली झाल्यावर पेट्या भरतात २२८. बारा पेट्यांची किंमत ६,२४० रुपये, कर १,१२३ रुपये २० पैसे, म्हणजे एकूण ७,३६३ रुपये २० पैशांची तूट. रक्कम छोटी वाटते. पण टाइल्सच्या व्यापारातला नफा पाहिला तर एवढी तूट पूर्ण गाडीची कमाई खाऊ शकते. म्हणून अशा वेळी काय करायचं याविषयी बाजारात पक्के झालेले काही समज तपासून पाहायला हवेत.

“चलानावर सही केली, आता काही बोलता येत नाही”

हा सगळ्यात जुना समज, आणि अर्धाच खरा. चलानावरची सही हा माल मिळाल्याचा भक्कम पुरावा असतो, यात वाद नाही. पण मालविक्री अधिनियम १९३० चं कलम ४१ खरेदीदाराला माल तपासायची वाजवी संधी देतं. ती मिळेपर्यंत त्याने माल स्वीकारला असं धरलं जात नाही. म्हणजे सहीने दार बंद होत नाही, मात्र कोऱ्या सहीनंतर तूट सिद्ध करायचं ओझं तुमच्या डोक्यावर येतं. पूर्ण पोच दिलेली असताना दोन दिवसांनी बारा पेट्या कमी होत्या असं सांगितलं, तर त्या तुमच्या गोदामातून गेल्या नाहीत कशावरून, हा पुरवठादाराचा प्रश्न रास्तच आहे.

म्हणून सही करावी, पण शेऱ्यासह: “२४० पैकी २२८ पेट्या मिळाल्या, १२ कमी. चालकासमोर मोजल्या.” खाली तारीख, वेळ, गाडी क्रमांक आणि चालकाची सही. इथे एक चूक हमखास होते. शेरा आपल्याकडच्या प्रतीवर लिहिला जातो आणि चालक परत नेतो ती प्रत कोरीच राहते. वितरकाच्या कार्यालयात पोहोचते ती चालकाची प्रत, आणि तिथला माणूस तीच फाइलला लावतो. शेरा प्रत्येक प्रतीवर हवा आणि चालकाच्या प्रतीचा फोटो काढून ठेवायला हवा. “मोजणी बाकी” असा शिक्का मारून गाडी सोडायची पद्धतही आहे. रात्री उशिरा गाडी आली तर तिला पर्याय नसतो. पण त्या शिक्क्याला वजन येतं ते दुसऱ्या दिवशी सकाळी मोजणी करून आकडा कळवला तरच.

मोजणीतही खाचाखोचा आहेत. पेट्यांची थप्पी बाहेरून भरलेली दिसते आणि आत पोकळ असते. त्यामुळे लांबी, रुंदी आणि उंची गुणून काढलेला आकडा फसवतो. हमाल पेटी उतरवत असताना पाच-पाचच्या रेघा मारणं हीच खात्रीची रीत. आणि मोजणी संपून चलानावर शेरा पडेपर्यंत नवा माल जुन्या साठ्याजवळ नेऊ नये. एकदा दोन्ही थप्प्या एक झाल्या की १२ पेट्या कमी आल्या हे तुम्हालाही छातीठोकपणे सांगता येत नाही.

फुटलेली पेटी हा वेगळा हिशेब आहे. ती आलेली असते, म्हणून ती तुटीत धरायची नाही. फुटलेले नग वेगळे लिहावेत. तूट आणि फूट एकाच आकड्यात मिसळली की पुढची सगळी बोलणी त्या आकड्यावरच अडकतात.

“फोन केला, चालकालाही सांगितलं, पुरेसं आहे”

ओळखीच्या व्यवहारात फोनने काम होतं, नाही असं नाही. पण ज्याच्याशी बोलणं झालं तो विक्रीचा माणूस असतो, आणि नावे-जमा करणारा हिशेबनीस वेगळा. त्याच्यापर्यंत कागद गेला नाही तर महिनाअखेरीच्या उताऱ्यात पूर्ण बिल उभं राहतं. शिवाय त्याच अधिनियमाचं कलम ४२ सांगतं की नाकारत असल्याचं न कळवता वाजवी मुदतीपलीकडे माल ठेवून घेतला, तर तो स्वीकारला असं मानलं जातं. वाजवी म्हणजे किती दिवस, हे कायदा आकड्यात सांगत नाही. डोळ्यांनी मोजता येणाऱ्या पेट्यांसाठी कुणी पंधरवडा वाजवी म्हणेल असं मला वाटत नाही. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी लिहून कळवावं.

पत्र छोटंच असावं. आपल्या उदाहरणातल्या दुकानदाराचं पत्र असं होईल:

“स. न. वि. वि.
आपले चलान क्र. ४१२ व त्यावरील बिल, दोन्ही दि. ५ जून, यांचा माल आज दि. ६ जून रोजी दुपारी गाडीने मिळाला. चलानात २४० पेट्या आहेत, प्रत्यक्षात २२८ मिळाल्या. १२ पेट्या कमी आहेत. उतरवताना चालकासमोर मोजणी केली असून चलानाच्या सर्व प्रतींवर तसा शेरा व चालकाची सही आहे. फोटो सोबत जोडले आहेत.
उरलेल्या १२ पेट्या पेट्यांवर छापलेल्या याच बॅचच्या व शेडच्या असतील तरच दि. १४ जूनपर्यंत पाठवाव्यात. त्या नसतील तर तसे कळवून १२ पेट्यांची करासह रु. ७,३६३.२० ची क्रेडिट नोट द्यावी. मिळालेल्या २२८ पेट्यांची रक्कम रु. १,३९,९००.८० ठरल्या मुदतीत देत आहोत.
कळावे.”

यात बॅच आणि शेडचा उल्लेख उगाच नाही. टाइल्सच्या प्रत्येक भाजणीत रंगाची छटा किंचित बदलते, मापातही अगदी थोडा फरक पडतो. म्हणून कारखाना पेटीवर शेड आणि बॅच छापतो. पंधरा दिवसांनी वेगळ्या बॅचच्या बारा पेट्या आल्या तर चलानाचा आकडा जुळेल, पण ग्राहकाच्या दिवाणखान्यात पन्नासएक फरश्या उठून दिसतील. असा माल घेण्यापेक्षा पैसे जमा करून घेणं शहाणपणाचं. “उरलेला माल पाठवा किंवा जमा करा” असं मोघम लिहिलं की निवड पुरवठादाराकडे जाते. त्याच्याकडे जी बॅच पडून असेल तीच मग तुमच्या दारात येते. काय हवं ते आपण ठरवावं आणि तारीख घालावी.

“बिलातून तेवढे पैसे कापले की हिशेब मिटला”

व्यवहार मिटतो, कराचा हिशेब मिटत नाही. पुरवठादाराने बिल २४० पेट्यांचं दाखवलं आहे आणि त्यावर २२,४६४ रुपये कर लावला आहे. तो पूर्ण आकडा तुमच्या जीएसटीच्या खात्यात दिसतो. पण केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १६ नुसार इनपुट क्रेडिट मिळतं ते प्रत्यक्ष मिळालेल्या मालावर. न आलेल्या १२ पेट्यांचे १,१२३ रुपये २० पैसे तुमचे नाहीत. खात्यात दिसतात म्हणून घेतले तर पुढे व्याजासह परत करावे लागू शकतात.

बिलाचा आकडा खाली आणायचा कायद्यातला मार्ग म्हणजे कलम ३४ खालची क्रेडिट नोट, आणि ती पुरवठादारच काढतो. आपण आपल्या वहीत लिहिलेली डेबिट नोट ही मागणी असते, तिने त्याचं बिल बदलत नाही. आलेली क्रेडिट नोट नीट वाचावी. कधीकधी ती नुसत्या ६,२४० रुपयांची असते, कराचा उल्लेखच नसतो. अशा नोटेने कर कमी होत नाही आणि १,१२३ रुपये तुमच्या अंगावर राहतात. नोटेवर मूळ बिलाचा क्रमांक, १२ पेट्या, दर आणि कर स्वतंत्र दिसायला हवा. यालाही मुदत आहे: ज्या आर्थिक वर्षातला पुरवठा, ते संपल्यानंतर येणारी ३० नोव्हेंबर किंवा पुरवठादाराने वार्षिक विवरणपत्र भरल्याची तारीख, यांतली जी आधी येईल ती.

उरलेला माल मागून येणार असं ठरलं तर आणखी एक गोष्ट फार कमी जणांच्या लक्षात येते. एका बिलाचा माल हप्त्यांनी आला तर क्रेडिट शेवटचा हप्ता मिळाल्यावर घ्यायचं, असं कलम १६ म्हणतं. म्हणजे बारा पेट्यांची वाट पाहताना २२,४६४ रुपयांचं क्रेडिट थांबू शकतं. माल मागवायचा की रक्कम जमा करायची हे ठरवताना हा आकडा समोर असावा, आणि आपल्या करसल्लागाराशी एकदा बोलून घ्यावं.

“कमी आला तरी ठेवून घ्यावाच लागतो”

तसं नाही. मालविक्री अधिनियमाच्या कलम ३७ प्रमाणे कराराहून कमी माल आला तर खरेदीदार तो नाकारू शकतो. ठेवून घेतला तर ठेवला तेवढ्याचे पैसे ठरल्या दराने द्यायचे. हप्त्यांनी माल घ्यायचं बंधनही तसं ठरलं नसेल तर नाही, हे कलम ३८ सांगतं. व्यवहारात २२८ पेट्या परत पाठवायला कुणी निघत नाही. पण एखाद्या सभागृहाला नेमक्या २४० लागणार असतील आणि ती बॅच संपली असेल, तर हा हक्क खरोखर उपयोगी पडतो.

“कमी माल म्हणजे वितरकाने कमी भरला”

दोष कुठला हे बिल्टी सांगते. पुण्यात गाडी भरताना बिल्टीवर २२८ लिहिले असतील तर गोदामातच कमी भरलं. बिल्टीवर २४० असतील आणि हाती २२८ आल्या, तर शोध वाटेत घ्यायचा: वाटेत दुसऱ्या दुकानी उतरवताना आपल्या पेट्या गेल्या का, हे चालकाला तिथल्या तिथे विचारावं. बऱ्याचदा उत्तर एवढंच निघतं.

भरपाई कुणी द्यायची हा मात्र वेगळा प्रश्न, तो सौद्यावर ठरतो. आपल्या उदाहरणात माल दुकानात पोहोच ठरला आहे, त्यामुळे वाटेतली तूट वितरकाची. पण दर पुण्याच्या गोदामाचा असेल आणि वाहतूकदार तुम्ही ठरवला असेल, तर कलम ३९ प्रमाणे वाहतूकदाराच्या हाती दिलेला माल सहसा तुमच्याच हाती दिल्यासारखा धरतात. अशा वेळी वितरकाकडे क्रेडिट नोट मागून काही मिळणार नाही, दावा वाहतूकदाराकडे करावा लागतो. त्यासाठी रस्ते मालवाहतूक अधिनियम २००७ चं कलम १६ पाहावं. माल बुक केल्याच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत वाहतूकदाराला लेखी नोटीस दिलेली नसेल तर दावा चालत नाही. दिवस गाडी पोहोचल्यापासून मोजायचे नाहीत, बिल्टीच्या तारखेपासून मोजायचे.

१४ जूनला उरलेल्या पेट्या आल्याच, तर सोबत नवं बिल आहे का ते पाहावं. त्या १२ पेट्या मूळ बिलात आधीच आहेत, म्हणून त्यांच्याबरोबर फक्त चलान हवं आणि त्यावर “चलान क्र. ४१२ मधील उर्वरित” असा उल्लेख हवा. याउलट मधल्या काळात क्रेडिट नोट निघालेली असेल तर तो व्यवहार तिथेच संपला, आणि त्यानंतर आलेल्या पेट्यांना नवं बिल लागेल. क्रेडिट नोट आणि उर्वरित मालाचं चलान असे दोन्ही कागद एकदम हाती आले तर एक परत करून दुसऱ्यावर पोच द्यावी.