एकच नाव, मालक किती?

'आमची कोठेही शाखा नाही' ही पाटी वाचत आपण मोठे झालो. मिठाईच्या दुकानाबाहेर, भेळवाल्याच्या गाडीवर, चहाच्या हॉटेलात. शेजारी कुणीतरी तेच नाव, तीच अक्षरं, तोच रंग लावून बसलं, की ही पाटी लागते. छापील पाकिटावर मात्र अशी पाटी नसते. तिथे ओळख आपल्यालाच पटवून घ्यावी लागते आणि त्यासाठी लागणारी माहिती बहुतेक वेळा पाकिटाच्या मागच्या बाजूला असते.

पारलेचंच बघा. पारले-जीचा पुडा आणि फ्रूटीची पेटी एकाच कंपनीची असं मानणारी माणसं मला अजून भेटतात. आमच्या किराणावाल्या काकांना मी हे विचारलं, तर त्यांनी आधी बिलांची फाईलच काढली. बिस्किटांचा वितरक वेगळा, फ्रूटीचा वेगळा, माल बदलून द्यायची पद्धत वेगळी. ''नाव एक असलं तरी हिशोब एक नाही,'' ते म्हणाले. दुकानदाराला हे पक्कं ठाऊक असतं, कारण खराब माल कुणाला परत द्यायचा हा प्रश्न त्याला दर आठवड्याला पडतो.

मोहनलाल चौहान यांनी 1929 मध्ये विलेपार्ल्यात गोळ्या-चॉकलेटचा कारखाना काढला. दहा वर्षांनी तिथे बिस्किटं होऊ लागली. पुढे कुटुंबाच्या शाखा झाल्या आणि धंदाही वाटला गेला. बिस्किटं आणि गोळ्या पारले प्रॉडक्ट्सकडे राहिल्या. पेयांची बाजू दुसऱ्या शाखेकडे गेली आणि तिचेही पुढे दोन भाग झाले. रमेश चौहान यांच्याकडे बिसलेरीचं पाणी आणि थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट ही पेयं होती. त्यातली पेयं त्यांनी 1993 मध्ये कोका-कोलाला विकली. त्यांचे भाऊ प्रकाश यांच्या पारले अ‍ॅग्रोने 1985 मध्ये फ्रूटी आणली. म्हणजे मूळ एक, आडनाव एक आणि आज कंपन्या तीन, मालकीने एकमेकींपासून पूर्ण वेगळ्या.

एकाच नावाने दोन कंपन्या इतकी वर्षं चालल्या, याचं एक कारण ट्रेडमार्कच्या नोंदवहीत आहे. तिथे माल आणि सेवा मिळून 45 वर्ग आहेत. बिस्किटं आणि गोळ्या 30व्या वर्गात येतात, फळांची पेयं आणि बाटलीतलं पाणी 32व्या वर्गात. जोवर एक जण बिस्किटं विकतो आणि दुसरा पेयं, तोवर गिऱ्हाईक फसण्याची भीती कमी असते. पारले अ‍ॅग्रोने 2007 मध्ये गोळ्या बाजारात आणल्या आणि ही हद्द ओलांडली गेली. पुढच्याच वर्षी पारले प्रॉडक्ट्सने दावा लावला. मुंबई उच्च न्यायालयाने 2009 मध्ये पारले हे नाव वापरायला परवानगी दिली, पण एका अटीवर: ही कंपनी वेगळी असून पारले प्रॉडक्ट्सशी तिचा संबंध नाही, हे स्पष्ट लिहायचं. एका परीने ती शाखा नसल्याची पाटीच झाली, फक्त ती लावायला न्यायालयाने सांगितलं.

आता ओळख कशी पटवायची ते बघू. पुडा उलटा करा. वेष्टनबंद मालावर बनवणाऱ्याचं, पॅक करणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव आणि पत्ता छापणं कायद्याने सक्तीचं आहे. ते नाव शेवटच्या शब्दापर्यंत वाचा. 'पारले' एवढ्यावर थांबलात तर काहीच कळणार नाही, 'प्रॉडक्ट्स' की 'अ‍ॅग्रो' हाच शब्द निवाडा करतो. मग ते पूर्ण नाव कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर टाका. कंपनी कधी नोंदली, कुठे नोंदली, हे तिथे दिसतं.

इथे एक चूक हमखास होते. 'उत्पादक' म्हणून छापलेलं नाव म्हणजे ब्रँडचा मालक असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात पुष्कळ माल कंत्राटी कारखान्यांत होतो आणि एकच कारखाना दोन प्रतिस्पर्ध्यांची बिस्किटं भाजत असू शकतो. म्हणून दोन पाकिटांवर एकाच कारखान्याचा पत्ता दिसला, तरी दोन्ही एकाच घरची ठरत नाहीत. 'मार्केटेड बाय' किंवा 'यांच्यासाठी उत्पादित' याच्या पुढचं नाव आणि ग्राहक तक्रारीचा पत्ता जास्त भरवशाचे.

याच्या उलट प्रकार फिलिप्सचा आहे आणि मला तो जास्त फसवा वाटतो. पारलेत निदान नावापुढचा शब्द बदलतो. इथे बल्बवर, मिक्सरवर आणि ट्रिमरवर अगदी तेच निळं, मोठ्या अक्षरांतलं नाव असतं. तरी बल्बच्या खोक्यावर बारीक अक्षरांत सिग्निफाय कंपनीचं नाव सापडेल. फिलिप्सने दिव्यांचा धंदा वेगळा काढला आणि 2018 मध्ये त्या कंपनीने हे नाव घेतलं. मिक्सर-इस्त्रीचा धंदा 2021 मध्ये हिलहाऊस या गुंतवणूकदाराला विकला, तो आता व्हर्सुनी नावाने चालतो. ट्रिमर मात्र अजून फिलिप्सचाच. नाव पूर्वीच्याच मालकाचं आणि इतरांना ते वापरायचा परवाना, अशी ही व्यवस्था. ट्रेडमार्कची नोंदवही एकटीच पाहिली तर सगळं एकाच घरचं वाटेल. खोकं एकटंच पाहिलं तर नाव चोरलंय की काय अशी शंका येईल. दोन्ही शेजारी ठेवली की कळतं, नाव एकाचं आणि जबाबदारी दुसऱ्याची. बहुतेक वेळा खोक्यावर परवान्याचं एक वाक्यही छापलेलं असतं.

दुकानांच्या आणि हॉटेलांच्या पाट्यांना मागची बाजू नसते. तिथे बिल मागा. बिलावरचा जीएसटी क्रमांक 15 अक्षर-अंकांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्राचे 27) आणि पुढची दहा अक्षरं म्हणजे मालकाचा पॅन. पुण्याच्या आणि इंदूरच्या दुकानाचे जीएसटी क्रमांक वेगळे असणारच, पण मधली दहा अक्षरं जुळली तर मालक एकच, यात शंका उरत नाही. ती जुळली नाहीत म्हणून मात्र लगेच नक्कल म्हणू नका. फ्रँचायझी घेणारा स्वतःच्या पॅनवर धंदा करतो आणि त्याची पाटी कायदेशीर असते. अशा वेळी मूळ दुकानाला फोन करून 'ही शाखा तुमची का?' असं विचारावं. ज्यांचं नाव पणाला लागलेलं असतं, ते हे उत्तर लगेच देतात.

रंग, अक्षरांचं वळण, पाकिटाचा आकार हे पुरावे मी शेवटी धरते. एकच डिझायनर दोन घरांसाठी काम करतो, एकाच काळात साऱ्या बाजाराला एकच रंग आवडतो आणि नक्कल करणारा नेमकं हेच उचलतो.

पुढच्या वेळी मिक्सर बिघडला, तर पुढच्या बाजूचं नाव शोधून फोन लावू नका. वॉरंटी कार्ड काढा, त्यावरच्या कंपनीचं पूर्ण नाव वाचा आणि तक्रार तिच्याच पत्त्यावर पाठवा.