भांडणानंतरची साडी
(लेखमाला : घरातलं बोलणं, लेखांक ६)

मागच्या आठवड्यात आपण अबोल्याबद्दल बोललो. अबोला संपतो तेव्हा पुष्कळ घरांत कोणी काही बोलत नाही, नुसती एक पिशवी घरात येते. आज त्या पिशवीबद्दल.

समजा, अकोल्याच्या जुन्या शहरात एक घर आहे. घर कल्पनेतलं आहे, पण त्यात घडलेलं बहुतेक वाचकांनी कुठे ना कुठे पाहिलेलं असेल. भिंतीला भिंत लागलेली, त्यामुळे ओट्यावरचं बोलणं चौथ्या घरी ऐकू जातं. त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, ती घरी ब्लाउज शिवते. बचत गटातून घेतलेल्या कर्जाचा हप्ता म्हणून तिनं डब्यात ३,००० रुपये ठेवलेले असतात. ते तो न विचारता उचलतो. ती विचारते, तेव्हा नेमकी तिची आई घरी आलेली असते. "तुह्या बापानं आनून देल्ले होते काय?" म्हणत तो ताट भिरकावतो. मग तीन दिवस अबोला. चौथ्या दिवशी संध्याकाळी तो गांधी रोडवरून २,४०० रुपयांची साडी आणतो, पोरांसाठी कचोरी आणतो, आणि रात्री स्वतःहून म्हणतो, "चाल, फिरून येऊ."

साडी चांगली आहे. रंगही तिच्या आवडीचा निघाला. शेजारची काकू म्हणते, "किती जीव लावते व तुहा नवरा!"

आता पैशाचं पाहू. साडीही घराच्याच पैशातून आली. म्हणजे घरातून ५,४०० रुपये गेले, आणि ज्या ३,००० वरून भांडण पेटलं ते डब्यात परत आलेच नाहीत. गटाच्या बैठकीत हप्ता थकला म्हणून मान खाली घालायची ती तिनंच, दंड लागला तर तोही तिच्याच नावावर. आईसमोर जो अपमान झाला, त्याबद्दल आईशी कोणी बोललेलं नाही. अपमान चारचौघांत आणि माफी, असलीच तर, बंद दाराआड, हे इथं नेहमीचंच. भेट मात्र पुन्हा चारचौघांना दिसेल अशी असते. तिचा एक उपयोग असाही होतो की यानंतर तिनं तक्रार केली तर ऐकणाऱ्यालाच ती कृतघ्न वाटते.

तो नाटक करतो, असं मी म्हणत नाही. बहुतेक वेळा त्याला खरंच वाईट वाटलेलं असतं, काही जण तर रडतातही. म्हणूनच त्याचं मन खरं की खोटं, यावरून भेटीचा कस लावू नये. अपराधी वाटणं त्रासदायक असतं आणि माणूस तो त्रास लवकर संपवायला बघतो. साडीनं त्याचा त्रास संपतो. तिचा संपला का, हा प्रश्न त्यात कुठे येतच नाही. आणि तिलाही ती साडी गोड लागते, कारण तीन दिवसांचा ताण एकदम उतरलेला असतो. ती सुटका असते, पण मनाला ती प्रेमच वाटते.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लेनोर वॉकर यांनी मारहाण सोसलेल्या स्त्रियांशी बोलून १९७९ साली एका पुस्तकात हे चक्र मांडलं: आधी ताण साठत जातो, मग स्फोट होतो, मग पश्चात्ताप आणि लाड. सगळ्याच घरांत ते असं फिरत नाही, हे पुढच्या अभ्यासांत दिसलं. वॉकर यांनी नोंदवलेली आणखी एक गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. वर्षं जातात तसा तिसरा टप्पा आक्रसत जातो. आधी साडी येते, मग नुसती कचोरी, मग काहीच नाही. स्फोट मात्र चालूच राहतात.

मग खरी भरपाई ओळखायची कशी? अकोल्याच्या त्याच घरात पाहू. तो म्हणतो, "म्या तुह्ये पैसे न विचारता घेतले अन् आईसमोर ताट फेकलं. माह्यं चुकलं." यात केलेल्या कृतीचं नाव आहे. "जे झालं ते झालं" किंवा "तू पन तशीच बोलली न" यात ते नाही. मग तो ३,००० रुपये परत ठेवतो, हप्ता चुकला असेल तर गटाच्या अध्यक्षबाईंना स्वतः सांगतो, सासूशी स्वतः बोलतो. यातलं काहीच बाजारात विकत मिळत नाही, आणि प्रत्येक गोष्टीत लाज त्याच्या वाट्याला येते. एवढं केल्यावर साडीही आणली तर आनंदानं नेसावी. भेट वाईट नसतेच, ती कशाच्या जागी आली एवढंच बघायचं.

सगळ्यात स्पष्ट दिसतं ते भेट लगेच स्वीकारली नाही तेव्हा. ती म्हणते, "साडी राहू द्या, मले अजून बरं नाही वाटत." ज्याला नातं सांधायचं आहे तो खट्टू होईल, पण थांबेल. ज्यानं गप्प बसण्याची किंमत म्हणून साडी दिली, तो चिडेल: "एवढी साडी आनली, आता कायले तोंड फुगवून बसली?" शेवटची परीक्षा पुढच्या महिन्यात, पुन्हा पैशाची तंगी आली की होते. त्या दिवशी तो डबा उघडतो की तिला विचारतो, हे पाहिल्याशिवाय निकाल देऊ नये.

आपल्या कायद्यानंही यावर विचार केलेला आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांच्या संरक्षणाचा कायदा २००५ चा, त्याचे नियम २००६ चे. न्यायालयानं समुपदेशनाला पाठवलं तर काय व्हावं, हे नियम १४ मध्ये आहे. तिथे पतीला हिंसेचं समर्थन मांडायची मुभाच नाही, "तिनं असं केलं म्हणून" हे वाक्य चालत नाही. पुन्हा असं करणार नाही अशी हमी त्याच्याकडून घ्यायची, आणि तडजोडीचा प्रयत्न तिची इच्छा असेल तरच करायचा. आपल्याकडे घरच्या बैठकीत वडीलधारी मंडळी नेमकं उलटं करतात: आधी त्याची बाजू ऐकतात, मग तिला "आता आनली न त्यानं साडी" म्हणून समजावतात.

एक मर्यादा मात्र ठळकपणे सांगायला हवी. हात उगारला जात असेल, गळा धरला असेल, जिवाची धमकी असेल, तर भेट नाकारून पाहण्याची परीक्षा करू नये. नकारानंच पुढचा स्फोट होऊ शकतो. गळा दाबणं ही तर जिवावरच्या धोक्याची खूण आहे, मग त्यानंतर कितीही फुलं आली तरी. अशा वेळी आधी सुरक्षित जागा, मग बाकीचं. तातडीला ११२, सल्ल्याला आणि मदतीला महिला हेल्पलाइन १८१. संरक्षण अधिकाऱ्याची माहिती जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात मिळते.

आणि चौथ्या घरी ज्यांना सगळं ऐकू जातं त्यांच्यासाठी: या कायद्याच्या कलम ४ नुसार हिंसा होते आहे असं वाटणारी कोणीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकते, आणि सद्हेतूनं दिलेल्या माहितीबद्दल तिच्यावर कोणतीही जबाबदारी येत नाही.