१४४ हर्ट्झच्या पडद्यावर अडखळणारा चेंडू

व्हिडिओ गेममध्ये चेंडू उडतो तेव्हा पडद्यामागे दोन कामे सुरू असतात. एक म्हणजे फिजिक्स: चेंडूचा वेग, गुरुत्वाकर्षण, टक्कर यांचा हिशेब करून त्याची पुढची जागा ठरवणे. दुसरे म्हणजे रेंडरिंग: त्या जागी चेंडूचे चित्र काढणे. पडदा ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० चित्रे दाखवणारा असेल आणि फिजिक्सही सेकंदाला ६० वेळा चालत असेल, तर प्रत्येक चित्राला एक नवा हिशेब मिळतो आणि सारे सुरळीत दिसते. तोच गेम १४४ हर्ट्झच्या मॉनिटरवर लावला की चेंडू बारीक बारीक झटके घेत पुढे जाऊ लागतो. महागडा पडदा घेऊन चित्र आधीपेक्षा खडबडीत दिसावे, ही तक्रार ऐकायला विचित्र वाटते, पण तिचे कारण साध्या भागाकारात आहे.

यावर पहिला सुचणारा उपाय असा, की पडदा जितक्या वेळा चित्र मागेल तितक्या वेळा फिजिक्स चालवावे आणि मागच्या चित्रापासून जेवढा वेळ गेला तेवढ्याने चेंडू पुढे न्यावा. अनेक लहान गेम असेच चालतात. अडचण अशी, की संगणक गती सलग मोजत नाही, तुकड्यातुकड्याने मोजतो, आणि तुकडा किती मोठा यावर उत्तर बदलते. एखादे पात्र सेकंदाला ५ मीटर वेगाने वर उडी मारते आणि गुरुत्वाकर्षण १० धरले आहे, असे समजा. कागदावरच्या सूत्राने उडीची उंची १.२५ मीटर येते. गेममध्ये सर्रास वापरतात त्या पद्धतीने, म्हणजे आधी वेग कमी करून मग जागा बदलत गेले, तर सेकंदाला ३० तुकडे असताना तीच उडी सुमारे १.१७ मीटर भरते, ६० असताना १.२१ आणि १४४ असताना १.२३. चढायचा कट्टा १.२ मीटर उंच असेल तर हळू संगणकावर खेळणाऱ्याला तो कधीच गाठता येणार नाही. ‘क्वेक ३’ या १९९९ च्या गेममध्ये नेमके असेच घडले. फ्रेम रेट १२५ वर ठेवला की उडी थोडी जास्त उंच जाते, हे खेळाडूंनी शोधून काढले आणि तो आकडा मुद्दाम लावून खेळू लागले. तुकडा फार मोठा झाला तर यापेक्षाही वाईट होते: वेगवान गोळी भिंतीच्या अलीकडून थेट पलीकडे जाते आणि ताठ स्प्रिंगला जोडलेल्या वस्तू उधळतात.

म्हणून फिजिक्सचा तुकडा कायमचा ठरवून टाकतात. याला फिक्स्ड टाइमस्टेप म्हणतात. युनिटी या गेम इंजिनात मुळात ०.०२ सेकंदाची स्टेप लावलेली असते, म्हणजे सेकंदाला ५० हिशेब, गोडोमध्ये ६०, आणि माइनक्राफ्टचे जग तर सेकंदाला फक्त २० वेळा पुढे सरकते. पद्धत अशी: प्रत्येक चित्राच्या वेळी मधे गेलेला वेळ एका खात्यात जमा करायचा आणि खात्यात पूर्ण स्टेपपुरता वेळ साठला की तेवढा काढून घेऊन फिजिक्स एकदा चालवायचे. उरलेला वेळ खात्यातच राहतो. ग्लेन फीडलर यांच्या २००४ सालच्या लेखामुळे ही रचना गेम बनवणाऱ्यांमध्ये घरोघरी पोचली.

उडी आता सगळीकडे सारखीच जाते, पण झटके इथेच जन्माला येतात. ६० हिशेब आणि १४४ चित्रे, म्हणजे एका हिशेबाच्या वाट्याला २.४ चित्रे. चित्र अर्धे दाखवता येत नाही, त्यामुळे चेंडूची एक जागा तीन चित्रे टिकते, पुढची दोन, मग तीन, मग दोन, पुन्हा दोन. सेकंदाला ६०० पिक्सेल धावणारा चेंडू दर चित्राला सुमारे ४.१७ पिक्सेल सरकायला हवा. त्याऐवजी तो जागीच थांबतो आणि मग एकदम १० पिक्सेल उडी घेतो, तीही असमान अंतराने. डोळा मात्र चेंडूमागे एकसारख्या गतीने फिरत असतो, त्यामुळे ही चूक लगेच खुपते. १२० हर्ट्झवर प्रत्येक जागा बरोबर दोन चित्रे टिकते, म्हणून अडखळणे नियमित होते, पण चेंडूची कड दुहेरी दिसते आणि जादा हर्ट्झचा फायदा मिळतच नाही. कॅमेरा दर चित्राला हलत असेल तर सगळ्यात वाईट, कारण मग पार्श्वभूमी गुळगुळीत सरकते आणि तिच्यासमोर चेंडू थरथरतो.

उपाय त्या खात्यातल्या उरलेल्या वेळात आहे. शेवटच्या दोन हिशेबांच्या जागा जपून ठेवायच्या आणि उरलेला वेळ स्टेपचा जितका हिस्सा असेल तितक्या अंतरावर, त्या दोन जागांच्या मधे चेंडू काढायचा. हेच इंटरपोलेशन.

```
acc += min(frameTime, 0.25)
while acc >= dt:
    prev = curr
    curr = step(curr, dt)
    acc -= dt
alpha = acc / dt
draw(prev * (1 - alpha) + curr * alpha)
```

वरच्याच चेंडूवर हे ताडून पाहता येते. सुरुवातीपासून २०.८३ मिलिसेकंदांनी येणाऱ्या चित्राच्या वेळी १६.६७ मिलिसेकंदांची एक स्टेप झालेली असते आणि खात्यात ४.१७ उरतात. हा हिस्सा ०.२५. जुनी जागा ०, नवी १०, म्हणून चेंडू २.५ वर काढला जातो. पुढच्या चित्रात हिस्सा ०.६७ आणि जागा ६.६७. त्यापुढच्या चित्राआधी आणखी एक स्टेप होते, जुनी जागा १० आणि नवी २० होते, हिस्सा ०.०८३ येतो आणि चेंडू १०.८३ वर दिसतो. दोन्ही वेळा अंतर ४.१७ पिक्सेलच.

याची किंमतही याच आकड्यांत दिसते. २०.८३ मिलिसेकंदांनी चेंडू खरा १२.५ वर असायला हवा होता; तो १० पिक्सेल, म्हणजे बरोबर एक स्टेप मागे आहे. ६० च्या फिजिक्सला हा उशीर सुमारे १७ मिलिसेकंद, युनिटीच्या ५० ला २०. बहुतेक खेळांत तो जाणवत नाही. ज्यांना जाणवतो ते माऊसने फिरणारा कॅमेरा या पद्धतीबाहेर ठेवून थेट दर चित्राला वळवतात किंवा स्टेप लहान करतात. मागे राहण्याऐवजी वेगावरून पुढची जागा ताडण्याचाही मार्ग आहे, पण चेंडू भिंतीवर आपटतो त्या क्षणी अंदाज फसतो आणि तो क्षणभर भिंतीत घुसलेला दिसतो. त्यामुळे उशीर पत्करणेच सहसा शहाणपणाचे.

कोडमधली ०.२५ ही मर्यादा वरकरणी किरकोळ वाटते. एका स्टेपचे गणित करायलाच संगणकाला स्टेपपेक्षा जास्त वेळ लागला, तर खाते रिकामे होण्याऐवजी फुगत जाते, दर चित्राला आणखी स्टेप कराव्या लागतात आणि गेम गोठतो. मर्यादा असली की अशा वेळी खेळ नुसता मंद होतो.

चुका बहुधा जोडकामात होतात. पात्र एकदम दुसऱ्या ठिकाणी पाठवले आणि जुनी जागा बदलायची राहिली, तर ते क्षणभर साऱ्या नकाशावरून भर्रकन जाताना दिसते. म्हणून अशा वेळी दोन्ही जागा एकच कराव्या लागतात. कोन ३५० अंशांवरून १० वर गेला तर साधी सरासरी वस्तू उलट्या दिशेने गरकन फिरवते. पडद्यासाठी काढलेली मधली जागा पुन्हा फिजिक्सला दिली तर हिशेबच बिघडतो. ती फक्त चित्रापुरती असते. आणि उडीची कळ फक्त फिजिक्सच्या स्टेपमध्ये तपासली तर दोन स्टेपच्या मधे पटकन दाबून सोडलेली कळ हरवते; ती दर चित्राला टिपून पुढच्या स्टेपपर्यंत राखून ठेवतात.

सारे नीट बसले आहे का, हे तपासण्याची सोपी रीत म्हणजे फिजिक्स मुद्दाम सेकंदाला १० वर आणणे. इंटरपोलेशन चालू असेल तर चेंडू गुळगुळीतच सरकतो. फक्त टप्पा पडताना त्याचे टोक बोथट दिसते आणि कळ दाबल्यावर उत्तर उशिरा येते. जी वस्तू अशा वेळी ठळक झटके देते, तिला इंटरपोलेशन लागलेले नसते. या चाचणीत सगळे नीट असूनही मूळ गतीला बारीक थरथर उरली, तर दोष फ्रेमचा वेळ मोजण्यात शोधावा: पडदा दर ६.९४ मिलिसेकंदांनी बदलत असला तरी घड्याळ कधी ६, कधी ८ सांगते. त्यासाठी मोजलेला वेळ पडद्याच्या तालाला जुळवून घेतात किंवा मागच्या काही चित्रांची सरासरी वापरतात.